शिवज्योतीचा रस्ता, दोरा आणि हरवलेले सहा किलोमीटर

(एका मंडळाचं प्रकरण. मंडळाचं आणि गावाचं नाव मुद्दाम देत नाहीये, रस्ता आणि नकाशे मात्र खरे आहेत. मी भूगोल शिकवतो, मला यात मधूनच बोलावलं होतं.)

पार्श्वभूमी

वाईजवळच्या एका गावातलं तरुण मंडळ. शिवजयंतीला प्रतापगडावरून ज्योत आणायची ठरली. १८ फेब्रुवारीच्या रात्री गडाच्या पायथ्याच्या वाहनतळावरून निघायचं, आंबेनळी घाटाच्या रस्त्याने महाबळेश्वरला वर यायचं, तिथून पठारावरून पाचगणी आणि मग पसरणी घाट उतरून १९ ला पहाटे वाई. ज्योत पळत आणायची, म्हणजे टप्प्याटप्प्याने पोरं बदलत. पुढे टेम्पो, मागे दोन बाईक, टेम्पोत पुढच्या टप्प्याची पोरं बसलेली.

हिशोब सोपा होता. २५ पोरं, प्रत्येकाने ५०० मीटरचे चार टप्पे, म्हणजे १०० टप्पे, ५० किलोमीटर. प्रश्न एवढाच की रस्ता खरंच ५० आहे का, आणि कुठला टप्पा कुठे संपतो. रात्रीच्या अंधारात, घाटात, मोबाईलला रेंज नाही, अशा ठिकाणी टेम्पोवाल्याच्या हातात कागद हवा, ज्याच्यावर लिहिलेलं असेल की अमुक वळणावर अमुक पोरगा उतरवायचा.

मंडळातल्या अकरावीच्या दोन पोरांनी हे काम अंगावर घेतलं. त्यांनी सर्वे ऑफ इंडियाच्या साइटवरून १:५०,००० चे स्थलदर्शक नकाशे उतरवून घेतले. हा रस्ता नेमका दोन शीटवर तुटतो, जुन्या क्रमांकात सांगायचं तर ४७ जी/९ आणि ४७ जी/१३. मधली शिवण ७३ अंश ४५ मिनिटांवर, म्हणजे महाबळेश्वर आणि पाचगणीच्या अधेमधे कुठेतरी. दोरा घेतला, रस्त्यावरून फिरवला, फूटपट्टीवर धरला, २ सेंटिमीटरला १ किलोमीटर लावलं. पहिल्या शीटवर ६१ सेंटिमीटर म्हणजे ३०.५ किमी, दुसऱ्यावर ३६.६ सेंटिमीटर म्हणजे १८.३. एकूण ४८.८. पन्नासात बसतंय म्हणून सगळे खूश.

अडचण

टेम्पोवाले काका या रस्त्याने वर्षानुवर्षं दूध आणि स्ट्रॉबेरीची ने-आण करतात. त्यांनी आकडा ऐकला आणि म्हणाले, "पंचावन्नाच्या खाली एक मीटर नाही." पोरांनी गूगलवर टाकून बघितलं तर तिथेही चोपन्न-पंचावन्नच येत होतं. म्हणजे सहा किलोमीटर गायब, म्हणजेच बारा टप्पे, आणि त्यातल्या दहा टप्प्यांना पळायला पोरंच नाहीत.

अध्यक्षांचं म्हणणं पडलं की मग गूगलचा आकडा धरा आणि विषय संपवा. पण एकूण आकडा बदलून विषय संपत नव्हता. कागदावर टप्प्यांच्या खुणा तर नकाशावरूनच पडणार होत्या, आणि सहा किलोमीटर रस्त्यावर नेमके कुठे कमी पडलेत हे माहीत नसेल तर प्रत्येक खूण चुकणार. तेव्हा मला फोन आला.

सगळ्यात आधी जो खुलासा समोर आला तो नेहमीचाच: "सर, नकाशा सपाट असतो आणि रस्ता चढाचा, म्हणून फरक." हे इतक्या लोकांना पटतं की वर्गातसुद्धा दरवर्षी कोणीतरी म्हणतंच. म्हणून तिथल्या तिथे गणित करून दाखवलं. पसरणी घाटात वाई ते पाचगणी उंचीचा फरक साधारण पावणेसहाशे मीटर, रस्ता बारा किलोमीटरच्या आसपास. पायथागोरस लावा, तिरकी बाजू येते १२ किलोमीटर आणि साधारण १४ मीटर. चौदा मीटर! गाडीचे रस्ते इतक्या हलक्या चढाने काढलेले असतात की उतारामुळे लांबीत पडणारा फरक दोऱ्याच्या जाडीत जिरतो. गडाच्या पायवाटेला हा मुद्दा थोडा तरी लागू पडेल, डांबरी घाटाला नाही. तेव्हा चोर दुसरीकडे शोधायचा होता.

कोणते पर्याय होते

पहिला पर्याय अध्यक्षांचा, म्हणजे ४८.८ ला सरसकट गुणून ५५ करायचं. सोपं आहे, पण यात गृहीत असं धरलंय की चूक सगळ्या रस्त्यावर सारखी पसरलीय. मला ते पटत नव्हतं, कारण पठारावरचा सरळसोट रस्ता आणि घाटातली वेडीवाकडी वळणं यांना दोरा सारखा फसत नाही.

दुसरा पर्याय, नकाशा सोडून द्यायचा आणि टेम्पोच्या मीटरवरच सगळ्या खुणा करायच्या. हे खरं तर वाईट नव्हतं. पण काकांना सवड एकाच दिवशी होती, शंभरच्या वर खुणांना तितक्या वेळा घाटात गाडी थांबवणं धोक्याचं, आणि मीटर किती खरं बोलतो हेही तपासायला लागणार.

तिसरा, दोऱ्याऐवजी कागदाची पट्टी. पट्टीची कड रस्त्याच्या छोट्या सरळ तुकड्यावर लावायची, तुकडा संपला की पेन्सिलचं टोक तिथे रोवून पट्टी फिरवायची, पुढचा तुकडा. हळूवार फिरणाऱ्या रस्त्याला ही पद्धत मला दोऱ्यापेक्षा जास्त आवडते कारण कागद ताणला जात नाही आणि खुणा पट्टीवरच राहतात. पण ज्या वळणात सरळ तुकडाच सापडत नाही तिथे ती प्रत्येक वेळी वळणाची कमान सोडून सरळ आडवी जाते, म्हणजे अंतर कमीच देते. नकाशावर फिरवायचं चाकाचं यंत्र मिळतं, ते कोणाकडे नव्हतं, आणि एक मिलिमीटरच्या वळणात त्याचं चाकही नीट वळत नाही.

शेवटी ठरलं ते असं: दोराच ठेवायचा, पण आधी कागद तपासायचा, मग दोरा नव्याने टाकायचा, आणि टेम्पोची एक फेरी फक्त पडताळणीला वापरायची.

काय केलं: आधी कागद

मी विचारलं, शीटवरची रेखीव मापपट्टी कुठाय. पोरं एकमेकांकडे बघायला लागली. मापपट्टी असते शीटच्या तळाशी समासात, आणि यांनी पहिल्या शीटचा फक्त रस्त्याचा भाग कापून ए-थ्री कागदावर छापून आणला होता, मापपट्टी गेली तशीच कापली. दुसरी शीट मात्र साताऱ्यात प्लॉटरवर अख्खी छापलेली, मापपट्टीसकट.

इथेच पहिली गोम होती. प्रिंट काढताना संगणकावर Fit निवडलेलं असेल तर चित्र कागदाच्या समासात बसवायला थोडं आक्रसतं. डोळ्याला कळतही नाही. पण त्या कागदावर १:५०,००० हे खोटं झालेलं असतं. छापलेला आकडा चित्र लहान झालं म्हणून बदलत नाही, २ सेंटिमीटरला १ किलोमीटर हे पाठांतरही बदलत नाही. रेखीव मापपट्टीचं तसं नसतं, नकाशाबरोबर तीही तेवढीच आक्रसते आणि म्हणून झेरॉक्सवरसुद्धा खरं सांगते. मापपट्टी कापून टाकणं हा या सगळ्या प्रकरणातला सगळ्यात महाग कात्रीचा घाव होता.

मग मापपट्टी नसताना कागद किती आक्रसलाय हे कसं काढायचं? अक्षांश-रेखांशाच्या रेषांवरून. या शीटवर पाच-पाच मिनिटांच्या रेषा असतात. आपल्याकडे, म्हणजे १८ अंशांच्या आसपास, अक्षांशाची पाच मिनिटं म्हणजे जमिनीवर ९.२२ किलोमीटर. १:५०,००० ला ते कागदावर १८.४ सेंटिमीटर यायला पाहिजे. प्लॉटरच्या शीटवर मोजलं, १८.४ बरोबर. ए-थ्रीवर मोजलं, १७.६.

इथे एक सावधगिरी. मोजायची ती चौकटीची उत्तर-दक्षिण बाजू. पूर्व-पश्चिम बाजू मोजलीत तर आपल्या अक्षांशावर ती पाच मिनिटं साधारण ८.८ किलोमीटरचीच असतात, म्हणजे अगदी बरोबर छापलेल्या कागदावरही ती बाजू साडेसतराच्या थोडी वर येते आणि तुम्हाला वाटेल कागद आक्रसलाय. एका पोराने नेमकी ती बाजू मोजून प्लॉटरवाल्याला शिव्या घालायला सुरुवात केली होती.

१७.६ भागिले ९.२२, म्हणजे त्या ए-थ्रीवर एक किलोमीटर १.९१ सेंटिमीटरचा. पोरांना पोस्टकार्डाच्या जाड कागदाची पट्टी कापायला लावली आणि तिच्यावर त्या शीटपुरती स्वतःची मापपट्टी आखायला लावली. एकेक किलोमीटर वेगळा मोजून नाही, आधी ५ किलोमीटरचे ९.५५ सेंटिमीटर आखून मग त्याचे भाग केले, नाहीतर प्रत्येक खुणेची बारीक चूक पुढच्या खुणेत जमा होत जाते. डावीकडे शून्याच्या अलीकडे एक जादा किलोमीटर आखून त्याचे १००-१०० मीटरचे भाग पाडले.

नुसती ही दुरुस्ती केल्यावर पहिल्या शीटचे जुने ६१ सेंटिमीटर ३०.५ वरून ३१.९ किलोमीटरवर गेले. म्हणजे सहातले १.४ इथे सापडले. उरलेले अजून बाहेरच.

काय केलं: मग दोरा

पोरांनी वापरलेला दोरा शिलाई मशीनचा, बारीक, गुळगुळीत. तो वळणावर ठेवला की उडी मारून सरळ व्हायला बघतो आणि तुम्ही नकळत त्याला थोडं ओढून धरता. लोकर तर घेऊच नका, ती लांबते. आम्ही गोधडीचा दोरा घेतला, पीळ असलेला आणि ओढला तरी न ताणणारा. दोरा ओला केला की कागदाला चिकटून बसतो म्हणतात ते खरं आहे, पण इंकजेटच्या प्रिंटवर ओला दोरा टाकलात तर रस्ताच पसरतो. आम्ही कोरडाच ठेवला, नकाशा थर्माकोलवर लावला आणि डाव्या अंगठ्याच्या नखाने दाबत उजव्या हाताने दोन-तीन मिलिमीटर पुढे, पुन्हा नख, पुन्हा पुढे. पाठ दुखते, पण दुसरा मार्ग नाही.

खरी गंमत वळणात आहे. नकाशावर रस्त्याची लाल रेघ साधारण मिलिमीटरभर रुंद धरा. ती रुंदी जमिनीवर पन्नासेक मीटर होते, खरा रस्ता त्याच्या पाव हिश्शाचाही नाही. दोरा या रेघेच्या मधोमध टाकायचा असतो, पण हात आपोआप वळणाच्या आतल्या कडेला जातो कारण दोऱ्याला तिकडेच जायचं असतं. पूर्ण उलट फिरणाऱ्या एका वळणाला मध्याऐवजी अर्धा मिलिमीटर आत सरकलात तर दोरा दीड मिलिमीटरने, म्हणजे जमिनीवरच्या पाऊणशे मीटरने कमी पडतो. अशी दहा वळणं झाली की पाऊण किलोमीटर गेला. आणि ही चूक एका बाजूचीच असते, कधी जास्त कधी कमी होऊन मिटत नाही, कायम कमीच देते. म्हणून घाटाच्या रस्त्यावर दोनदा मोजून दोन्ही आकडे जुळले तरी त्यावर विश्वास ठेवू नये, दोन्ही वेळा हात आतच गेलेला असतो. आम्ही एकदा चढाच्या दिशेने आणि एकदा उताराच्या दिशेने, वेगवेगळ्या हातांनी टाकला, आणि प्रत्येक उलट्या वळणाच्या माथ्यावर रेघेच्या मधोमध टाचणी रोवून घेतली.

अख्खा रस्ता एका दोऱ्यात मोजायचा हट्टही सोडून दिला. गाव, फाटा, देऊळ अशा खुणांमधले तीन-चार किलोमीटरचे तुकडे केले, प्रत्येक तुकडा मापपट्टीवर वेगळा वाचला. वाचायची रीत अशी की दोऱ्याचं उजवं टोक शून्याच्या उजवीकडच्या पूर्ण किलोमीटरच्या खुणेवर ठेवायचं, अशा खुणेवर की डावं टोक शून्याच्या पलीकडे मीटरच्या भागात पडेल. मग उजवीकडचे किलोमीटर अधिक डावीकडचे मीटर. प्लॉटरच्या शीटवर छापलेली मापपट्टी वापरताना एकाने दोरा पट्टीच्या अगदी डाव्या टोकापासून धरला आणि उजव्या टोकाशी आलेला आकडा तसाच लिहिला, म्हणजे शून्याच्या डावीकडचा अख्खा किलोमीटर हिशोबातच नाही. ही चूक पकडायला सोपी असते, कारण प्रत्येक तुकडा बरोब्बर एक किलोमीटरने कमी येतो.

नव्याने टाकलेल्या दोऱ्याने पहिली शीट ६४.४ सेंटिमीटर, म्हणजे तिच्या पट्टीने ३३.७ किमी. दुसरी ३८ सेंटिमीटर, १९ किमी. एकूण ५२.७.

पडताळणी आणि मुख्य निर्णय

एका रविवारी काकांच्या टेम्पोने अख्खा रस्ता फिरून आलो. आधी सपाटीवर दहा किलोमीटर दगडांवरून मीटर तपासला, तो १०.२ दाखवत होता, दोन टक्के जास्त. टायर झिजले की असं होतंच. अख्ख्या रस्त्याला मीटर ५६.१ म्हणाला, त्याचे दुरुस्त करून झाले ५५. काका पहिल्या दिवसापासून जे सांगत होते तेच.

म्हणजे ५२.७ आणि ५५ मध्ये अजूनही २.३ चा फरक. इथे अध्यक्ष पुन्हा म्हणाले, आता तरी गुणा आणि मोकळे व्हा. पण आमच्याकडे आता तुकडे होते. महाबळेश्वर ते पाचगणी पठारावर दोऱ्याने १८.५, मीटरने १८.८, म्हणजे जवळपास जुळलेलंच. उरलेले दोन किलोमीटर पूर्णपणे दोन घाटांत होते, तिथे दोरा ३४.२ म्हणत होता आणि रस्ता होता ३६.२. ही तूट हाताची नव्हती, नकाशाची होती. पंधरा-वीस मीटर त्रिज्येचं वळण १:५०,००० ला मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्शाचं येतं, एवढ्या जाड रेघेने ते काढताच येत नाही. नकाशाकार काही वळणं एकमेकांत मिसळतो, काही थोडी बाजूला सरकवतो. जे कागदावर काढलेलंच नाही ते दोऱ्याने कितीही जपून मोजलं तरी सापडत नाही.

म्हणून ठरलं की पठारावर दोऱ्याचं अंतर जवळपास जसंच्या तसं धरायचं आणि दोन्ही घाटांत शेकडा सहा वाढवायचं. सरसकट गुणलं असतं तर पठारावरची प्रत्येक खूण उगाच पुढे गेली असती आणि घाटात तरीही कमीच पडलं असतं.

दुसरा निर्णय टप्प्यांचा. काकांनीच विचारलं की चढाला आणि उताराला सारखेच पाचशे मीटर कशाला. मग आंबेनळीच्या बाजूच्या २२.८ किलोमीटरला ४००-४०० चे ५७ टप्पे, पठाराच्या १८.८ ला ५०० चे ३८, पसरणी उताराच्या १३.४ ला ६०० चे २३. एकूण ११८. पंचवीस पोरांत बसत नव्हते, शेजारच्या वस्तीतली पाच पोरं घेतली, तीस जणांचे चार-चार.

निकाल

कागदी पट्टी तयार झाली, एका बाजूला टप्प्याचा नंबर, दुसऱ्या बाजूला खूण: अमुक हॉटेल, मोरी, देऊळ, डावं उलटं वळण. ज्योत पहाटे पाचच्या सुमारास वाईत पोचली, ठरल्या वेळेच्या थोडी नंतर. पठारावर खुणा अगदी नेमक्या लागल्या. घाटात काही टप्पे पन्नास-साठ मीटरने पुढेमागे झाले, विशेषतः जिथे दोन उलटी वळणं जवळजवळ आहेत तिथे, पण टेम्पोत बसलेल्या पोराला ते दिसत होतं त्यामुळे अडलं नाही. पहिल्या ४८.८ वर निघाले असते तर पसरणी घाट उतरता उतरताच पळणारे संपले असते.

वेगळं काय करता आलं असतं

पहिली गोष्ट प्रिंटची. नकाशा कापायचाच असेल तर तळाची मापपट्टी त्याच कापलेल्या चित्रात आणून चिकटवावी आणि मग छापावं, म्हणजे दोन्ही एकत्र आक्रसतील. मापपट्टीचं वेगळं प्रिंट काढून उपयोग नाही, Fit दोन्हींना वेगवेगळं आक्रसतं. छापताना Actual size निवडलं तरी अक्षांशाची पाच मिनिटं मोजून घ्यावीतच, अर्ध्या मिनिटाचं काम आहे.

दुसरी, टेम्पोची फेरी आम्ही शेवटी केली ती आधी करायला हवी होती. अख्ख्या रस्त्याची नाही, एकाच घाटातल्या चार-पाच किलोमीटरची. तेवढ्यात घाटाचा शेकडा कळला असता आणि दोऱ्याच्या कामात किती जीव ओतायचा तेही ठरलं असतं. नखाने दाबत दोरा टाकण्यात आमचे जे तास गेले त्यातले निम्मे पठारावर वाया गेले, तिथे कागदाच्या पट्टीने तेवढंच उत्तर आलं असतं.

तिसरी थोडी बाजूची आहे. त्या दोन पोरांनी नंतर उत्साहाने महाबळेश्वर ते वाई कृष्णा नदी मोजायला घेतली. नदीला किलोमीटरचे दगड नसतात, टेम्पो चालत नाही, म्हणजे घाटात मिळाला तसा शेकडा काढायची सोयच नाही. वर धोम धरणाच्या जलाशयात नदीची रेघच संपते, तिथे दोरा पाण्याच्या मधोमध टाकायचा की काठाने, हे आधी ठरवावं लागतं. त्यात १:२,५०,००० च्या नकाशावर तीच नदी मोजली तर ती आखूड भरते, कारण बारीक वळणं तिथे गाळलेलीच असतात. लुईस फ्राय रिचर्डसन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने किनारे आणि सरहद्दींच्या लांबीबद्दल हेच दाखवलं होतं, माप जितकं बारीक तितकी लांबी वाढत जाते. म्हणून पोरांना सांगितलं की नदीचा आकडा वहीत लिहाल तेव्हा शेजारी कुठल्या प्रमाणाच्या नकाशावरून आणि जलाशयात कुठली रेघ धरून मोजलंय हे लिहा, नुसते किलोमीटर लिहू नका.